गोचीड आणि गोचीड ताप: बेळगाव सीमाभागातल्या गोठ्यांतून नेहमी येणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागांत जनावरं बघत फिरताना वर्षाला शेकडो वेळा तेच ते प्रश्न ऐकतो. वळीव पडून गेला की फोन सुरू होतात, ते दसऱ्यापर्यंत थांबत नाहीत. लोक जसे विचारतात तसेच प्रश्न खाली ठेवलेत. उत्तरं फोनवर देतो त्यापेक्षा थोडी सविस्तर आहेत.

गोचडं आमच्यात आजोबाच्या काळापासनं हाईत. खिलार बैलांना कधी काय झालं न्हाई. मग विकत आणलेली एचएफ गाय वीस दिवसांत कशी पडली?

हा प्रश्न नीट समजला तर पुढचे निम्मे विचारावेच लागत नाहीत.

गोचीड तापाला कारण थायलेरिया नावाचा सूक्ष्म परजीवी. तो गाईच्या रक्तात राहतो आणि गोचिडीतून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. खिलार वासरू तुमच्या गोठ्यात जन्मलं की लहानपणीच त्याला असल्या गोचिडी चावतात. बहुतेक वेळा त्याला किरकोळ ताप येतो, कधी कळतही नाही, आणि ते सावरतं. पण परजीवी अंगातून पूर्ण जात नाही. थोडा रक्तात उरतो आणि बैल तो वर्षानुवर्षं बाळगत औत ओढत राहतो. बैल ठणठणीत असतो, पण त्याचं रक्त पिणारी गोचीड रोग घेऊन उतरते.

त्यातच तुम्ही संकरित गाय आणून त्याच दावणीला बांधता. तिला हा परजीवी पूर्वी भेटलेला नसतो आणि होल्स्टिनच्या रक्तात त्याला तोंड देण्याची ताकद खिलारइतकी नसते. बैलाच्या अंगावरून उतरलेली, भिंतीत कात टाकून मोठी झालेली गोचीड तिला चावते. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप चढतो. म्हणून 'आणली तेव्हा चांगली होती, वीस दिवसांनी पडली' हा हिशेब बरोबर जुळतो. विकणाऱ्यानं फसवलं असं लोक म्हणतात. बऱ्याच वेळा रोग विकत आणलेलाच नसतो, तो घरच्याच गोठ्यात वाट बघत बसलेला असतो.

गोचीड म्हणजे गोचीड. त्यात प्रकार असतात का?

असतात, आणि उपाय त्यावरच ठरतो. आपल्याकडं दोन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

पहिला बूफिलस. रक्त पिऊन फुगल्यावर एरंडाच्या बीसारखा गुळगुळीत, निळसर करडा दिसतो. पाय आखूड, नीट बघावे लागतात. ही गोचीड पिल्लू म्हणून एकदा जनावरावर चढली की तिथंच दोनदा कात टाकते, तिथंच मोठी होते आणि साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी खाली पडते. मग गवतात, पाचोळ्यात दोन-तीन हजार अंडी घालून मरते. ओल असलेल्या कुरणात ती जास्त, त्यामुळं खानापूर पट्ट्यात, रानात चरणाऱ्या जनावरांवर हीच बघायला मिळते.

दुसरा हायलोमा. याचे पाय लांब, तांबूस आणि सांध्यांवर फिकट पट्टे असलेले. जमिनीवर सोडला तर तुरुतुरु पळतो. हा गोठ्यातला रहिवासी. पिल्लू रक्त पिऊन वाढतं, मग खाली उतरून भिंतीच्या फटीत कात टाकतं आणि मोठं होऊन परत जनावर शोधत येतं. त्याचं बहुतेक आयुष्य भिंतीत जातं, अंगावर तो थोडेच दिवस असतो. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या कोरड्या भागात, दगड-मातीच्या गोठ्यांत याचं राज्य असतं. थायलेरियाचा गोचीड ताप हाच पसरवतो.

कन्नड शेजाऱ्याशी बोलताना 'उण्णे' म्हटलं की दोन्ही त्यात आले.

रोग अंड्यातून पिल्लात जातो का?

थायलेरिया जात नाही. हायलोमाचं अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वच्छ असतं. लहानपणी रोगी किंवा रोग बाळगणाऱ्या जनावराचं रक्त प्यालं की परजीवी त्याच्यात शिरतो आणि कात टाकल्यावर तीच गोचीड तो पुढच्या जनावराला देते. ही बारकी पिल्लं मोठ्या संख्येनं सापडतात ती वासरांच्या कानात. मोहरीपेक्षा बारीक, कानाच्या आतल्या घडीत तपकिरी कोंडा चिकटल्यासारखी. लोक गाईची कास बघतात, वासराचा कान उलटा करून कुणी बघत नाही. मी गोठ्यात गेलो की आधी तोच बघतो.

बूफिलसचं उलटं. तो जन्मभर एकाच जनावरावर राहतो, मग त्यानं रोग दुसऱ्याला द्यायचा कसा? अंड्यातून. लाल लघवीचा बॅबेसिया मादीच्या पोटातून अंड्यांत उतरतो आणि तिची पिल्लं नव्या गाईवर चढली की तो तिला देतात. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये हे सिद्ध केलं. किडा चावून रोग पसरतो याचा हा अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक. डासाचा आणि हिवतापाचा संबंध त्यानंतर सिद्ध झाला.

चावली की लगेच रोग होतो?

नाही, आणि हीच आपल्या हातातली सवड आहे. हायलोमाच्या लाळेतला परजीवी चावल्याक्षणी तयार नसतो. गोचीड चिकटून रक्त प्यायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत तो पिकतो आणि मगच गाईत उतरतो. म्हणजे आज चिकटलेली गोचीड उद्या काढली तर रोग पोचण्याआधीच ती गेली. संकरित गाय एक-दोनच असेल तर जून ते सप्टेंबर रोज धार काढून झाल्यावर पाच मिनिटं तिच्या अंगावरून हात फिरवा: कान, मानेखालची पोळी, कास आणि मांडीमधली जागा, शेपटीचं मूळ. यात पैसा जात नाही, फक्त चुकवायचं नाही.

गोचीड ताप आहे हे ओळखायचं कसं? तिवा बी तसाच असतो की.

एक उदाहरण सांगतो. निपाणीजवळची पहिल्या वेताची संकरित गाय, अंदाजे ३५० किलो, दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर दूध. सोमवारी संध्याकाळी पाच-सहा लिटरवर आली. मालकाला वाटलं पेंड बदलली म्हणून. मंगळवारी रवंथ बंद, डोळ्यांतून पाणी, ताप १०५.५. कुणीतरी तापाचं इंजेक्शन दिलं, रात्री ताप उतरला, गाय थोडं खाल्ली. बुधवारी सकाळी ताप परत १०६. मला गुरुवारी बोलावलं.

गेल्या गेल्या मी गाईच्या खांद्याच्या पुढं, मान जिथं संपते तिथं हात घातला. तिथली गाठ निरोगी गाईत सहज लागत नाही. इथं ती मोठ्या लिंबाएवढी, टणक, कातडीखाली सरकणारी होती. कानाखालचीही सुजलेली. तिव्यात गाय एका पायानं लंगडते, मग दुसऱ्या, अंग आखडतं आणि तीन-चार दिवसांत बहुतेक सावरते. गोचीड तापात लंगडणं नसतं, गाठी असतात आणि ताप औषधानं उतरला तरी परत चढतो. तिसऱ्या दिवशी परत चढलेला ताप आणि खांद्यापुढची गाठ, एवढं दिसलं तरी पुढं वाट बघू नका.

खात्रीसाठी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सुजलेल्या गाठीत सुई घालून तिथलंही थोडं द्रव दुसऱ्या पट्टीवर. सुरुवातीच्या दिवसांत परजीवी गाठीतल्या पांढऱ्या पेशींत असतो, लाल पेशींत नंतर शिरतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत नुसत्या रक्ताच्या तपासणीत 'काही नाही' असं आलं तरी गाय सुटली असं समजू नये.

खालच्या पापणीची आतली बाजू फिकट गुलाबी होती, पांढरी पडली नव्हती. म्हणजे वेळ होती.

मग औषध काय दिलं?

बुपारव्हाक्वोन. प्रमाण किलोमागं २.५ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या बाटलीतलं २० किलो वजनामागं १ मिली. ३५० किलोला साडेसतरा मिली होतं. ते मानेच्या स्नायूत, एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही म्हणून दोन जागी दिलं. इथं चूक होते ती वजनात. धट्टीकट्टी गाय २५० किलोची धरून साडेबारा मिली देतात आणि मग 'औषध लागू पडलं नाही' म्हणतात. छातीचा घेर टेपनं मोजून वजन काढायला दोन मिनिटं लागतात.

शुक्रवारी ताप १०४ होता, शनिवारी १०३. ताप पूर्ण बसला नव्हता म्हणून त्या दिवशी दुसरा डोस दिला. दोन डोसांत ४८ ते ७२ तासांचं अंतर ठेवतात. रविवारी गाय वैरणीला लागली. दूध दहाव्या दिवशी ९ लिटरपर्यंत आलं, त्या वेतात परत १४ झालं नाही. मालकाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन दिवस दूध डेअरीला घालायचं नाही. मालक कुरकुरला, पण घातलं नाही.

हे औषध डॉक्टरनंच द्यायचं. महाग आहे आणि चुकीच्या रोगात अजिबात उपयोगी नाही. दवाखाना लांब असेल तर १९६२ ला फोन लावून फिरतं पशुचिकित्सा वाहन मागवता येतं. फोनवर फक्त 'ताप आलाय' म्हणू नका. ताप किती, कितवा दिवस आणि गाठ लागते का, हे तिन्ही सांगा.

उशीर झाला तर?

परजीवी लाल पेशींत शिरला की रक्त कमी होत जातं. पापणी कागदासारखी पांढरी, श्वास जोरात, कधी कावीळ, शेण काळसर. अशा गाईत परजीवी मारला तरी रक्त कुठून आणणार? दुसऱ्या निरोगी जनावराचं रक्त चढवून काही वाचतात. पण आठव्या दिवशी बोलावून, उभं राहता येत नसलेल्या गाईला पहिला डोस मागणारे भेटतात, तेव्हा माझ्याकडं फारसं काही उरलेलं नसतं.

लघवी कॉफीसारखी लाल येते. हाच रोग का?

नाही, हा बॅबेसिया. तो लाल पेशी फोडतो आणि त्यातला रंग लघवीत उतरतो. लघवी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघितली तर काळ्या चहासारखी दिसते, वर फेस राहतो. याचं औषध वेगळं आहे, डिमिनॅझीन किंवा इमिडोकार्ब. वेळेत दिलं तर एक-दोन दिवसांत लघवी निवळते. बुपारव्हाक्वोन इथं चालत नाही.

तिसराही एक आहे, ॲनाप्लाझ्मा. त्यात ताप, अंग पिवळं आणि शेण घट्ट, गोळ्यांसारखं. लघवी लाल होत नाही. त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन लागतं. तिन्ही रोग एकाच गाईत एकदम असू शकतात, म्हणून काचपट्टी तपासल्याशिवाय अंदाजानं सगळी इंजेक्शनं मारत बसू नये.

दर आठवड्याला फवारतोय. दोन दिवस बरं वाटतं, परत गोचडं हजर. का?

कारण तुम्ही गाय फवारता, भिंत नाही. अंगावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे घरातून बाजाराला आलेली माणसं. बाकीचं गाव भिंतीत आहे.

आपल्याकडचे जुने गोठे त्यांच्यासाठीच बांधल्यासारखे असतात. खानापूरकडं जांभ्या दगडाची भिंत, तिला मुळातच मधाच्या पोळ्यासारखी भोकं. चिकोडीकडं काळा दगड मातीत रचलेला, माती झडून फटी पडलेल्या. एकदा एका गोठ्यात गव्हाणीमागच्या फटीत चाकूचं टोक घातलं आणि मातीचा एक खडा काढला. मागं बोटभर जागेत तीस-चाळीस गोचिडी एकावर एक दाटून बसलेल्या, शेजारी तपकिरी, चकचकीत अंड्यांचा साबुदाण्यासारखा ढीग. तो मालक त्या महिन्यात गाईला चार वेळा फवारून थकला होता.

म्हणून भिंत आणि अंग एकाच दिवशी धरायचं. जनावरं बाहेर काढा, गव्हाणीतली वैरण काढा, फटी चाकूनं उकरा. मग फ्लेम गननं, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं, फटीफटीतून हळू फिरवत जा. फटीतून चट्चट् आवाज येतो, तो ऐकल्यावर मालकाला पटतं. वर गवताचं छप्पर किंवा शेजारी कडब्याची गंजी असेल तर हा प्रकार करू नका. तिथं गोठ्यासाठी लेबलवर दिलेल्या प्रमाणात औषध फटींत दाबून मारा. नंतर फटी सिमेंटनं बुजवा, निदान माणसाच्या उंचीपर्यंत. वरून चुना. शेण-मातीनं लिंपलं तर उन्हाळ्यात तडे जातात आणि जागा परत तयार होते.

एका खेपेत सगळं संपत नाही, कारण अंडी आणि कात टाकत बसलेली पिल्लं काही प्रमाणात वाचतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा करा. आणि एप्रिल-मेमध्ये सुरू करा. मृगाचा पाऊस पडून भिंतीतून सगळा कळप बाहेर निघाल्यावर फवारणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावणं.

अंगावरचं औषध किती घालायचं?

दोन नेहमीची औषधं सांगतो. १२.५ टक्के अमिट्रॅझ एक लिटर पाण्यात २ मिली. १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन, तेही लिटरला २ मिली. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर हे माप लागू नाही, लेबल बघा. लेबलवरचा मजकूर बारीक आणि इंग्रजी-कन्नडमध्ये असतो, म्हणून दुकानदाराकडून मराठीत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलेलं बरं.

मापापेक्षा जास्त चूक होते ती पाण्यात. एका मोठ्या गाईला तीन ते पाच लिटर द्रावण लागतं. पाठीवरून एक लिटर मारून सोडलं तर औषध वशिंडावर आणि गोचीड कासेत, दोघांची भेटच होत नाही. पोटाखालून, मांड्यांच्या आतून, शेपटी उचलून, पोळीच्या घड्या उघडून ओलं करा. कान फवारू नका, फडकं भिजवून आतून पुसा.

आधी जनावरांना पाणी पाजा, म्हणजे तहानेनं अंग चाटणार नाहीत. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर मारा. आपण वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं, हातमोजे आणि तोंडाला फडकं. धारेच्या आधी कास स्वच्छ धुवायची. एकाच दिवशी सगळी जनावरं: बैल, रेडकू, शेळी, दारातलं कुत्रंसुद्धा. एक बैल राहिला तर त्याच्या अंगावरून सगळं परत सुरू होतं. घरात घोडा असेल तर त्याला अमिट्रॅझ अजिबात नको, त्याचं आतडं बंद पडतं.

शेतीचंच औषध पातळ करून मारलं तर? तेच नाव असतंय.

नाव तेच असतं, बाकी काही तेच नसतं. पिकावरचं सायपरमेथ्रिन २५ टक्क्यांचं, जनावराचं १० टक्क्यांचं, आणि पिकाच्या औषधात मिसळलेलं तेलद्रव्य कातडीसाठी केलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे कपाटात उरलेलं मोनोक्रोटोफॉससारखं काहीतरी. ते अंगावर पडलं की तासाभरात लाळ गळणं, थरथर, डोळ्याची बाहुली बारीक, श्वास अडकणं. असं दिसलं तर साबणाच्या भरपूर पाण्यानं अंग धुवा आणि डॉक्टरला बोलावताना औषधाची बाटली हातात धरूनच बोला. उतारा ॲट्रोपिन, तो वेळेत मिळाला तरच.

पंपाचंही तसंच. माझ्या ओळखीच्या एकानं उसात तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून गाईला वापरला. गाय वाचली, पण कासेची कातडी भाजल्यासारखी सोलली आणि आठवडाभर धार काढता आली नाही. जनावरांसाठी पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगानं खूण करा.

औषध लागूच पडत नाही. भेसळ असेल का?

असू शकते. पण आधी माप, पाणी आणि भिंत तपासा. तिन्ही बरोबर असून दोन दिवसांनी गोचिडी अंगावर जिवंत असतील तर त्या औषधाला सरावल्या असाव्यात. हे घरी तपासता येतं. फुगलेल्या दहा-बारा माद्या हलकेच काढा. फवारणीचंच द्रावण वाटीत घेऊन त्यात पाच मिनिटं बुडवा, कागदावर कोरड्या करा आणि बरणीत ठेवून तोंडाला घट्ट विणीचं फडकं बांधा. दुसऱ्या बरणीत तितक्याच माद्या साध्या पाण्यात बुडवून ठेवा. दोन आठवडे सावलीत राहू द्या. पाण्यातल्या अंडी घालतील. औषधातल्यांपैकी निम्म्याहून जास्त अंडी घालत असतील तर त्या औषधावर पैसे घालू नका. नंतर दोन्ही बरण्यांत उकळतं पाणी ओतायला विसरू नका.

औषध बदलताना एक मेख आहे. डेल्टामेथ्रिन सोडून सायपरमेथ्रिन आणलं तर फक्त डबा बदलला, औषधाची जात तीच, पायरेथ्रॉइड. एकाला सरावलेली गोचीड दुसऱ्यालाही बऱ्याचदा दाद देत नाही. तिथून अमिट्रॅझवर गेलं तर खरा बदल. आणि 'थोडं कमीच घालू, गाभण हाय' म्हणून निम्मं माप मारणं हा गोचिडींना सरावायला शिकवण्याचा सगळ्यात सोपा रस्ता. गाभण असेल तर चालणारं औषध विचारून घ्या, पण माप पूर्ण ठेवा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की काम होत नाही का?

भाकड जनावर, कालवडी यांना डॉक्टर देतात. दुभत्या गाईला नको, कारण ते दुधात उतरतं आणि बरेच दिवस राहतं. भिंतीतल्या गोचिडीला त्याचा काही त्रास नाही.

कडुनिंबाचा उपाय खरा की नुसतं सांगणं?

गोचिडी थोड्या असतील तर करून बघण्यासारखा आहे. लसणाच्या दहा पाकळ्या, कडुनिंबाचा पाला मूठभर, लिंबोळ्या मूठभर, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला मूठभर, तुळस मूठभर. वाटून लिटरभर पाण्यात मिसळायचं, गाळायचं, ऊन असताना अंगावर आणि भिंतीच्या फटींत मारायचं, आठवड्यातून एकदा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ हाच पारंपरिक उपाय सांगतं. दुधात औषध उतरण्याची भीती नाही, हा मोठा फायदा. पण अंगावर चाळणीसारख्या गोचिडी झाल्यात किंवा शेजारच्या गोठ्यात गोचीड तापानं गाय गेली आहे, तिथं मी एवढ्यावर भरवसा ठेवणार नाही. आणि ताप चढलेल्या गाईला हा उपाय नाहीच.

लस मिळते का?

थायलेरियाची मिळते, रक्षाव्हॅक-टी नावानं. एकदा ३ मिली कातडीखाली, दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना. जिवंत लस आहे, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून साध्या फ्रिजच्या दुकानात मिळत नाही. कृत्रिम रेतनाच्या टाकीची सोय असलेल्या डॉक्टरकडं आधी नोंद करा, आणि गावातल्या दहा-पंधरा जनावरांची नावं एकत्र द्या. एकट्यासाठी कुणी आणत नाही. पावसाच्या महिना-दीड महिना आधी टोचलेली बरी, अंगात ताकद यायला वेळ लागतो. वेळ भरत आलेल्या गाभण गाईला देत नाहीत. बॅबेसियावर हिचा काही परिणाम नाही आणि गोचिडी तशाच राहतात.

बाजारातून, जत्रेतून जनावर आणलं तर काय करायचं?

थेट दावणीला बांधायचं नाही. चिंचलीच्या मायाक्काला गाडी जुंपून जाऊन आलेले घरचे बैलसुद्धा यात धरा, तिथं शंभर गावच्या गोचिडी एका माळावर उतरलेल्या असतात. आल्या दिवशी गोठ्याबाहेर झाडाखाली बांधून फवारा, खाली पडलेल्या गोचिडी झाडून जाळा. विकत आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवा आणि रोज संध्याकाळी ताप बघा. थर्मामीटर शंभर-दोनशेला मिळतो. १०३ च्या वर गेलं की खांद्यापुढच्या गाठीला हात लावा.

हातानं काढलेल्या गोचिडीचं काय करायचं? पोरं दगडानं ठेचतात.

ठेचू नका, बोटानं फोडूही नका. आतलं रक्त हातावर, डोळ्यात उडतं आणि गोचिडीचे काही रोग माणसालाही होतात. फुगलेली मादी अंगणात फेकली तर ती तिथंच अंडी घालते. तोंडाजवळ चिमट्यानं धरून सरळ ओढा आणि रॉकेल किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या डब्यात टाका.

खानापूरच्या रानात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. माकडताप, जो १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, तो रानातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडीनं पसरतो, गोठ्यातल्या या दोन्हींनी नाही. पण रानात चरून आलेल्या जनावरावर ती गोचीड येऊ शकते. डिसेंबर ते मे या दिवसांत रानात जाऊन आल्यावर जोरात ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरला 'रानात गेलो होतो, मेलेलं माकड दिसलं होतं' एवढं जरूर सांगा.

कोंबड्या गोठ्यात सोडल्या तर गोचिडी खातात म्हणे?

खातात. सकाळी गाय बसलेली असताना कोंबडी तिच्या मांडीतून टिपताना मी पुष्कळदा बघितलीय, आणि गाय डोळे मिटून बसते. चार-पाच गावठी कोंबड्या जरूर सोडा. फवारणीच्या दिवशी आणि नंतर दोन-तीन दिवस मात्र त्यांना डालग्यात ठेवा, कारण औषधानं मेलेल्या गोचिडीही त्या टिपतात.